तीन 'ला', पण 'को' एकही नाही

'मी काकांच्या मुलीला भेटायला सोलापूरला गेलो.' या साध्या वाक्याचं हिंदी करायला सांगितलं, की आपल्याकडची बरीच मुलं, आणि मोठी माणसंही, बिनदिक्कत म्हणतात : 'मैं चाचा के बेटी को मिलने सोलापुर को गया.' समोरच्याला अर्थ कळतो. पण बरोबर हिंदी वाक्य आहे : 'मैं चाचा की बेटी से मिलने सोलापुर गया.' मराठी वाक्यात 'ला' तीनदा आला आहे आणि हिंदीत त्यातल्या एकाचाही 'को' झालेला नाही. 'ला म्हणजे को' हे समीकरण शाळेत पाठ होतं ते 'मला भूक लागली – मुझे भूख लगी', 'रामला दे – राम को दो' अशा वाक्यांवर. तिथे ते चालतं. अडतं ते पुढे.

शेवटच्या 'ला'पासून सुरुवात करू. जायचं ठिकाण सांगताना मराठीला प्रत्यय लागतोच; 'मी सोलापूर गेलो' हे कानाला अपुरं वाटतं. हिंदीत मात्र जाना-आना या क्रियापदांबरोबर गावाचं नाव बहुधा मोकळंच राहतं : पुणे जाना है, घर आओ. सोलापूरकराला हे जास्त अवघड जातं आणि त्याला कारण आहे. शहराच्या पूर्व भागात तेलुगू आहे, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड आहे आणि सोबतीला दखनी. तेलुगूत 'सोलापूर्‌कु', कन्नडमध्ये 'सोलापुरक्के', दखनीत 'सोलापूरकू'. चारी भाषा ठिकाणाला प्रत्यय लावतात. 'सोलापूरकू जाना है' हे इथल्या रस्त्यावर चुकीचं नाहीच. ती दखनीची स्वतःची रीत आहे. परीक्षेच्या पेपरात किंवा लखनौच्या माणसाशी बोलताना मात्र 'को' गाळावा लागतो. 'भेटायला' मधला 'ला' तसाच गळतो : 'मिलने गया'.

आता 'मुलीला भेटायला'. इथे 'को' गळत नाही, त्याच्या जागी 'से' येतो, कारण हिंदीत भेटणे आणि मिळणे या दोन्हींसाठी एकच क्रियापद आहे, मिलना. मराठीत क्रियापदच वेगळं असल्यामुळे 'मला पेन मिळालं' आणि 'मी त्याला भेटलो' यांत गोंधळ होत नाही. हिंदीत तो फरक सांभाळण्याचं काम प्रत्ययावर पडतं. 'मुझे क़लम मिला' म्हणजे हाती लागला. 'मैं उससे मिला' म्हणजे भेट घेतली. 'मैं उसको मिला' म्हटलं, तर मीच त्याला कुठेतरी सापडलो, असा अर्थ ऐकणाऱ्याला लागू शकतो. वाटेत अवचित गाठ पडली, तर 'वह मुझे बाज़ार में मिला' हे अगदी बरोबर आहे. म्हणजे ठरवून भेटलो तर 'से', अचानक दिसला तर 'को'.

याच कुळातली आणखी तीन क्रियापदं लक्षात ठेवली की रोजच्या बोलण्यातल्या बऱ्याच चुका टळतील. त्याला विचारलं : उससे पूछा. त्याला म्हणालो : उससे कहा. त्याच्याकडे मागितलं : उससे माँगा. मराठीत दोनदा 'ला' आणि एकदा 'कडे', हिंदीत तिन्ही ठिकाणी 'से'. भीतीचंही तसंच. 'मला कुत्र्याची भीती वाटते' यातल्या 'ची'चा हिंदीत 'की' होत नाही : मुझे कुत्ते से डर लगता है.

सगळ्यात चिवट चूक 'च्या'ची. काकांचा मुलगा, काकांची मुलगी, काकांचं मूल अशी तीन लिंगं मराठी नीट वेगळी ठेवते, पण पुढच्या नामाला प्रत्यय लागला की तिघांचं एकच होतं : काकांच्या मुलग्याला, काकांच्या मुलीला, काकांच्या मुलाला. हिंदीत हे फक्त पुल्लिंगात घडतं. 'चाचा का बेटा' याचं 'चाचा के बेटे से' होतं, पण 'चाचा की बेटी' मधली 'की' हलत नाही : चाचा की बेटी से, चाचा की बेटियों से. आपण मनात 'च्या' ऐकतो आणि तोंडातून 'के' निघतो. 'आपके गाड़ी में' हे मराठी माणसाचं हिंदी लगेच ओळखू येतं, ते यामुळेच. पडताळा सोपा आहे. पुढचा प्रत्यय क्षणभर काढून टाका आणि नुसतं म्हणून पाहा : आपकी गाड़ी. 'की' आली ना? मग 'में' लावा, 'से' लावा, 'पर' लावा, ती तशीच राहील : आपकी गाड़ी में.

हा पडताळा चालतो तो नामाचं हिंदीतलं लिंग माहीत असेल तरच. मराठीत तुमचा आवाज, हिंदीत आपकी आवाज़. म्हणून 'तुमच्या आवाजात' याचं 'आपकी आवाज़ में'. आपलं पुस्तक नपुंसकलिंगी, हिंदीत ते स्त्रीलिंगी : राम की पुस्तक में. उलट मराठीत मजा आली, हिंदीत मज़ा आया. अशा शब्दांना नियम नाही. ते भेटतील तसे 'का' किंवा 'की' जोडूनच पाठ करावे लागतात.