ड्राइव्ह सारखा मिड-ऑनकडेच का जातो? दोन कॅमेरे आणि स्लो-मोशनमधून असा सापडतो ग्रिपचा दोष

चेंडू सरळ टोलवायचा असतो, पण तो पुन्हा पुन्हा मिड-ऑनकडे वळतो. अशा वेळी नेटबाहेरून हमखास ऐकू येतं, ‘डोकं पडतंय!’ कधी ते खरंही असतं. पण कधी दोष डोक्यात नसून बॅट धरण्यात असतो. दोन्ही चुकांत चेंडू एकाच दिशेला जातो, म्हणून नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. मोबाइलवर दोन कोनांतून घेतलेला व्हिडिओ इथे कामाला येतो.

कॅमेरे नेमके कुठे ठेवायचे?

समोरचा कॅमेरा गोलंदाजाच्या टोकाला, स्टम्पच्या रेषेत आणि जाळीच्या मागे ठेवावा. बाजूचा कॅमेरा फलंदाजाच्या छातीसमोर, पॉपिंग क्रीझच्या रेषेत पाच-सहा मीटरवर हवा. दोन्हींची उंची फलंदाजाच्या कमरेइतकी ठेवावी.

बाजूचा कॅमेरा तिरका झाला, तर डोकं असतं त्यापेक्षा पुढे किंवा मागे दिसतं आणि नसलेली चूक सुधारली जाते. कॅमेरा बरोबर आहे का, हे क्रीझवरून ओळखता येतं. क्रीझची रेष फ्रेममध्ये आडवी-तिरकी न दिसता सरळ आत जाताना दिसली पाहिजे. सेल्फी कॅमेरा टाळावा. अनेक फोनमध्ये त्याचं चित्र आरशासारखं उलटतं आणि उजवा फलंदाज डावखुरा दिसतो.

स्लो-मोशन कशासाठी?

ताशी १०० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला सुमारे २८ मीटर जातो. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम्स असतात. म्हणजे एका फ्रेमपासून दुसरीपर्यंत चेंडू जवळपास ९३ सेंटीमीटर पुढे गेलेला असतो आणि बॅटला लागण्याचा क्षण बहुतेकदा निसटतो. २४० फ्रेम्सवर हेच अंतर १२ सेंटीमीटरपेक्षा कमी होतं. मात्र या मोडला भरपूर उजेड लागतो. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं आणि बॅट पुसट दिसते, त्यामुळे मोकळ्या मैदानात, दिवसाउजेडी चित्रीकरण केलेलं बरं.

व्हिडिओ कसा वाचायचा?

समजा, १३ वर्षांच्या उजव्या हाताच्या फलंदाजाला ऑफ स्टम्पवर पुढे टप्पा पडणारे दहा थ्रोडाउन दिले आणि त्यातले सात फटके मिड-ऑनकडे गेले. काही हवेतही उडाले.

आधी समोरचा व्हिडिओ. चेंडू सुटताना आणि बॅटला लागताना अशा दोन फ्रेम्स थांबवून पाहायच्या. दोन्हींत डोळ्यांची रेष आडवी असेल, तर डोकं पडत नाही, हे स्पष्ट होतं. आता बॅट पाहायची. ती सरळ खाली येते, पण चेंडू लागण्याआधीच्या चार-पाच फ्रेम्समध्ये तिचा दर्शनी भाग लेग साइडला वळतो. चेंडू मिड-ऑनकडे का गेला, याचं उत्तर इथे मिळालं. मग बॅट वळली कशाने?

त्यासाठी बाजूचा व्हिडिओ. पुढचा गुडघा वाकलेला आहे, डोकं त्याच्यावर आहे, म्हणजे स्टान्स आणि तोल ठीक आहेत. पण वरच्या हाताचं कोपर खाली पडलंय आणि बॅटचं टोक हँडलच्या पुढे निघून गेलंय. खालचा हात बॅट ढकलतोय. फटका हवेत उडतो तोही यामुळेच.

आता ग्रिप तपासायची. अंगठा आणि तर्जनी यांच्यात इंग्रजी ‘व्ही’ तयार होतो. दोन्ही हातांचे ‘व्ही’ एका रेषेत, बॅटच्या पाठीचा कणा आणि बाहेरची कड यांच्यामध्ये हवेत. पण ते पाठीकडे असल्यामुळे या दोन्ही कॅमेऱ्यांत नीट दिसत नाहीत. म्हणून स्टान्समध्येच मागून, हातांच्या जवळून एक फोटो घ्यावा. खालच्या हाताचा तळवा हँडलच्या मागे सरकलेला आणि दोन्ही ‘व्ही’ची रेष तुटलेली दिसली, की मूळ सापडलं.

उपाय सोपा आहे. बॅटचा सपाट भाग जमिनीला लावून ती आडवी ठेवायची आणि कुऱ्हाड उचलावी तशी दोन्ही हातांनी उचलायची. खालचा हात अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत सैल ठेवायचा. मग कॅमेरे न हलवता पुन्हा दहा चेंडू. चेंडू लागण्याच्या फ्रेममध्ये बॅट गोलंदाजाकडे पाहत असेल आणि कोपर वर असेल, तर बदल लागू पडला.

प्रत्येक वेगळी ग्रिप चूक असते का?

नाही. सचिन तेंडुलकर बॅट हँडलवर बरीच खाली धरायचा. लहानपणी मोठ्या भावाच्या बॅटने खेळल्यामुळे लागलेली ही सवय अखेरपर्यंत राहिली आणि धावा होतच राहिल्या. व्हिडिओत दिसतो तो पुस्तकी पद्धतीपेक्षा असलेला फरक. तो दोष आहे की नाही, हे चेंडू कुठे जातो त्यावरून ठरतं. फटके सरळ जात असतील, तर ‘व्ही’ थोडा सरकलेला दिसला म्हणून ग्रिपला हात लावू नये.