रोख पुस्तकातला तिसरा रकाना

पुण्यातला एक पुस्तक-वितरक कोल्हापूरच्या दुकानाला एका कादंबरीच्या दोनशे प्रती पाठवतो. छापील किंमत २५० रुपये, म्हणजे मालाची रक्कम ५०,००० रुपये. बिलात त्याखाली ३० टक्के सूट वजा करून ३५,००० रुपये लिहिलेले असतात. अगदी तळाशी आणखी एक ओळ असते: दहा दिवसांत रक्कम भरल्यास २ टक्के सूट, अन्यथा तीस दिवसांत पूर्ण रक्कम.

एकाच कागदावर दोन सुटी आहेत, आणि हिशेबाच्या वह्यांत त्यांची वाट पूर्णपणे वेगळी आहे. पहिली १५,००० रुपयांची, पण ती कोणत्याही खात्यात दिसणार नाही. दुसरी जेमतेम ७०० रुपयांची, पण तिच्यासाठी रोख पुस्तकात स्वतंत्र रकाना आखलेला असतो.

पहिलीला व्यापारी सूट म्हणतात. पुस्तकधंद्यात तिला सर्रास ‘कमिशन’ म्हणतात. छापील किंमत वाचकासाठी असते. दुकानदाराला त्या किमतीत माल देण्याचा वितरकाचा विचार कधीच नसतो. दुकानदाराचे भाडे, नोकराचा पगार आणि नफा त्या तीस टक्क्यांतूनच निघायचे असतात. म्हणजे सौदा पहिल्यापासून ३५,००० रुपयांचाच आहे आणि ५०,००० हा फक्त मोजणी सुरू करण्याचा आकडा आहे. म्हणून वितरकाच्या विक्री पुस्तकात ३५,००० लिहायचे, दुकानदाराच्या खरेदी पुस्तकातही ३५,०००च. सुटीचे गणित बिलावर राहते. कुणी उत्साहाने विक्री ५०,००० आणि सूट १५,००० अशी नोंद केली, तर नफा बिघडत नाही, पण कधीच न झालेली विक्री वहीत फुगून बसते.

दुसरी ती रोख सूट. बाजारात तिला ‘सीडी’ म्हणतात, जुने दिवाणजी ‘कसर’ म्हणत. ती बिल करताना ठरत नाही. कोल्हापूरकर दहाव्या दिवशी पैसे भरेल की तिसाव्या, हे त्या क्षणी कुणालाच माहीत नसते. तो वेळेत आला तर ३४,३०० देईल, नाहीतर ३५,०००. सूट घडते ती पैसे हाती येताना, म्हणून तिची नोंदही पैशाच्या नोंदीशेजारीच व्हायला हवी. रोख, बँक आणि सूट असे तीन रकाने असलेले रोख पुस्तक निघाले ते याच सोयीसाठी.

ही सूट हिशोबात किती भारी असते ते एकदा मोजून पाहावे. दुकानदाराने वीस दिवस जास्त थांबून ३४,३०० रुपये स्वतःजवळ ठेवले, तर त्यासाठी तो ७०० रुपये मोजतो. वीस दिवसांचा हा दर वर्षावर नेला तर तो सुमारे ३७ टक्के होतो. त्याला बँकेची उचल समजा १२ टक्क्यांनी मिळत असेल, तर तेवढ्या रकमेचे वीस दिवसांचे व्याज २२६ रुपयांच्या आसपास पडते. उचल घेऊन सूट पदरात पाडणे हे त्याच्या फायद्याचे. वितरकाच्या बाजूने हाच आकडा पैसे लवकर सुटावेत म्हणून मोजलेली किंमत आहे, आणि एवढी किंमत दरवर्षी किती वेळा मोजली हे मालकाला दिसायला हवे. मला वाटते, हा रकाना टिकून राहिला त्याचे खरे कारण हेच आहे.

आता वही उघडू. एप्रिलच्या सुरुवातीला वितरकाजवळ रोख ६,२०० आणि बँकेत ४८,००० रुपये आहेत. डावीकडची नावे बाजू पैसे येण्याची, उजवीकडची जमा बाजू पैसे जाण्याची. दोन्ही बाजूंना तेच तीन रकाने.

३ एप्रिलला कोल्हापूरचा चेक आला आणि त्याच दिवशी भरला. नावे बाजूला दुकानाचे नाव लिहून बँकेच्या रकान्यात ३४,३०० आणि सुटीच्या रकान्यात ७००. ५ तारखेला सांगलीच्या एका छोट्या दुकानदाराने ५,००० च्या येण्यापोटी रोख ४,९०० दिले. रोख रकान्यात ४,९००, सुटीत १००. ८ तारखेला वितरकाने स्वतः छापखान्याचे २०,००० रुपयांचे देणे वेळेआधी चुकवले आणि ३ टक्के सूट मिळवली. ही नोंद जमा बाजूला: बँकेत १९,४००, सुटीत ६००. डावीकडची सूट आपण दिलेली, म्हणजे आपला खर्च. उजवीकडची आपल्याला मिळालेली, म्हणजे आपले उत्पन्न. ९ तारखेला गल्ल्यातले ८,००० बँकेत भरले. ही नोंद दोन्ही बाजूंना होते, जमा बाजूला रोख रकान्यात आणि नावे बाजूला बँकेच्या रकान्यात, आणि सुटीशी तिचा काही संबंध नाही. १० तारखेला १,५०० रुपये मालवाहतुकीचे रोख दिले.

शिल्लक काढू. रोख ६,२०० अधिक ४,९००, त्यातून ८,००० आणि १,५०० वजा. हाती १,६०० उरतात. बँकेत ४८,००० अधिक ३४,३०० अधिक ८,०००, त्यातून १९,४०० गेले, शिल्लक ७०,९००. सुटीच्या रकान्यात डावीकडे बेरीज ८००, उजवीकडे ६००. इथे नवशिक्याचा हात सवयीने वजाबाकीकडे जातो आणि २०० रुपये ‘शिल्लक’ म्हणून खाली उतरतात. ही चूक आहे. गल्ल्यात नोटा असतात, बँकेत पैसा असतो, म्हणून त्यांची शिल्लक निघते. सुटीचा पैसा कुठेच पडलेला नसतो, मग शिल्लक राहणार कशाची? हा रकाना फक्त टिपण ठेवतो. त्याची दोन्हीकडे नुसती बेरीज करायची. डावीकडचे ८०० ‘दिलेली सूट’ खात्याच्या नावे बाजूला जातात आणि उजवीकडचे ६०० ‘मिळालेली सूट’ खात्याच्या जमा बाजूला.

रोख आणि बँक यांच्यासाठी खातेवहीत वेगळी खाती उघडावी लागत नाहीत, कारण रोख पुस्तक हेच त्यांचे खाते असते. सुटीचे तसे नाही. तिचे खाते खातेवहीत असावेच लागते आणि महिनाअखेरची बेरीज तिकडे न्यावीच लागते. हा फरक लक्षात नसला की बेरीज वहीतच राहून जाते.

खतावणीतली दुसरी मेख अशी. बेरीज खात्यात एकदाच जाते, पण कोल्हापूरच्या दुकानाच्या खात्यावर दोन्ही रकमा जमा व्हाव्या लागतात: बँकेचे ३४,३०० आणि सुटीचे ७००. घाईत केवळ ३४,३०० चढवले, तर त्याच्या नावावर ७०० येणे राहतात आणि पुढच्या महिन्यात त्याला बाकीची आठवण जाते. वेळेत पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकाला असे पत्र गेले, तर त्याचे उत्तर काय येईल ते सांगायला नको. ही चूक सापडते मात्र लवकर. तेरीज जुळत नाही आणि जमा बाजू नेमकी ७०० ने कमी पडते. तेरजेतला फरक सुटीच्या रकान्यातल्या एखाद्या आकड्याशी तंतोतंत जुळला, तर दुसरीकडे शोधण्याआधी त्या माणसाचे खाते उघडावे.

न सापडणारी चूक वेगळीच असते, आणि ती चेक परत आल्यावर होते.

समजा, १५ एप्रिलला कोल्हापूरचा चेक न वटता परत आला. बँकेत पैसे आलेच नाहीत, म्हणून जमा बाजूला बँकेच्या रकान्यात ३४,३०० लिहायचे. शिल्लक ३६,६०० वर येते. पण सूट कशासाठी होती? वेळेत पैसे दिल्याबद्दल. पैसेच आले नाहीत म्हटल्यावर सूटही गेली, आणि दुकानदाराकडे पुन्हा पूर्ण ३५,००० येणे झाले. हे ७०० परत कसे फिरवायचे? हात सरळ त्याच ओळीतल्या सुटीच्या रकान्याकडे जातो, कारण तो समोरच रिकामा असतो. पण जमा बाजूचा तो रकाना मिळालेल्या सुटीचा आहे. तिथे ७०० लिहिले की महिन्याची बेरीज ६०० ऐवजी १,३०० होते आणि छापखान्याने न दिलेली सूट उत्पन्नात जमा होते. इकडे दिलेली सूटही ८०० च राहते, खरी फक्त १०० असताना. खर्च ७०० ने जास्त, उत्पन्नही ७०० ने जास्त. नफा बरोबर, तेरीज बरोबर, कुणालाच काही जाणवत नाही.

म्हणून सुटीची ही उलट नोंद रोख पुस्तकात करतच नाहीत. ती रोजकीर्दीत जाते: कोल्हापूरच्या दुकानाचे खाते नावे ७००, दिलेल्या सुटीचे खाते जमा ७००. चूक आधीच झाली असेल, तर ती शोधण्याचा मार्ग एकच: मिळालेल्या सुटीचा प्रत्येक आकडा कुठल्या देणेकऱ्याच्या पावतीशी जुळतो ते पाहणे. त्या यादीत गिऱ्हाइकाचे नाव दिसले, की तिथेच बोट ठेवावे.

पुस्तकांच्या धंद्यात आणखी एक गुंता नेहमीचा आहे, तो न विकलेल्या प्रतींचा. समजा, चेक वटला आणि नंतर कोल्हापूरहून वीस प्रती परत आल्या. छापील हिशेबाने त्या ५,००० च्या, पण विकल्या ३,५०० ला, म्हणून परतावाही ३,५०० चाच. व्यापारी सूट वहीत नसली, तरी परताव्याच्या चिठ्ठीवर ती पुन्हा मोजावी लागते. शिवाय या वीस प्रतींवर दुकानदाराने आधीच ७० रुपये रोख सूट घेतलेली असते. ती कापून ३,४३० द्यायचे की पूर्ण ३,५००, हे व्यवहाराच्या अटींवर अवलंबून आहे, आणि बहुतेक बिलांवर त्याबद्दल एक अक्षरही नसते. वाद तिथेच होतो.

छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, म्हणून वरचे उदाहरण सुटसुटीत राहिले. कर लागणाऱ्या मालात बिलावरच दाखवलेली सूट करपात्र रकमेतून वजा होते आणि उरलेल्यावर कर बसतो. दहा दिवसांनी मिळणाऱ्या सुटीला ही सवलत आपोआप लागू होत नाही. त्यामुळे वितरक तिथे कर आधीच्या पूर्ण रकमेवर भरून मोकळे होतात आणि सूट केवळ पैशांच्या हिशेबात धरतात.

आता बहुतेक ठिकाणी हिशेब संगणकावर असतो आणि तिथे सुटीचा रकाना आखलेला दिसत नाही. एकाच पावतीच्या नोंदीत गिऱ्हाइकाला ३५,००० जमा, बँकेला ३४,३०० नावे आणि दिलेल्या सुटीला ७०० नावे अशा तीन ओळी पडतात. रकाना गेल्यामुळे महिन्याच्या बेरजेचे कामही गेले. पण दिलेल्या आणि मिळालेल्या सुटीची दोन खाती आधी स्वतः उघडावी लागतात, आणि अनेक दुकानांत ‘डिस्काउंट’ नावाचे एकच खाते असते. एप्रिलअखेर त्यात २०० रुपये दिसतात. मग मालक विचारतो, लवकर पैसे मिळावेत म्हणून आपण किती सोडले, आणि त्या खात्यातून ८०० हा आकडा काढण्यासाठी पुन्हा एकेक पावती पाहावी लागते.