सासू, षटकार आणि बारा नर्व्ह

मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही इंद्रधनुष्याचे रंग विचारा, उत्तराआधी ओठांवर येते ते ‘तानापिहिनिपाजा’. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. शाळा सुटून चाळीस वर्षे झाली तरी हे सूत्र सुटत नाही. त्याचे यश समजण्यासारखे आहे. पिवळा रंग म्हणजे काय, हे मुलांना आधीपासून ठाऊक असते. ठाऊक नसतो तो फक्त क्रम, आणि सूत्र नेमका तेवढाच पुरवते.

वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षी मुलांच्या हाती असेच एक सूत्र पडते. मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या आहेत. विद्यार्थी त्यांना क्रेनियल नर्व्ह म्हणतात. ऑलफॅक्टरी, ऑप्टिक, ऑक्युलोमोटर, ट्रॉक्लिअर, ट्रायजेमिनल, अ‍ॅब्ड्यूसन्स, फेशियल, व्हेस्टिब्युलोकॉक्लिअर, ग्लॉसोफॅरिंजियल, व्हेगस, अ‍ॅक्सेसरी आणि हायपोग्लॉसल. हा क्रम लक्षात राहावा म्हणून ऑलिम्पस पर्वताच्या शिखरांवरून हॉप्सची झाडे पाहणाऱ्या एका फिनलंडकराचे आणि एका जर्मन माणसाचे इंग्रजी वाक्य पिढ्यान्‌पिढ्या घोकले जाते. त्यातल्या प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर म्हणजे एका नर्व्हचे पहिले अक्षर.

पण इथे गाडी अडते. वाक्यातले पहिले तीनही शब्द ‘ओ’ने सुरू होतात, तेव्हा वास कुठला, दृष्टी कुठली आणि डोळा फिरवणारी कुठली, हे अक्षर सांगत नाही. आठव्या नर्व्हचे नाव मधल्या काळात बदलले, ती ‘ए’ची ‘व्ही’ झाली. जुन्या वाक्यात मात्र ‘ए’ तशीच राहिली. आणि सर्वांत मोठी अडचण वेगळीच आहे. रंगांसारख्या या नर्व्ह मुलांच्या ओळखीच्या नसतात. अक्षरावरून नाव आठवले, तरी त्या नर्व्हचे काम आठवतेच असे नाही. तोंडी परीक्षेत वाक्य खडाखडा म्हणणारा विद्यार्थी ‘मग नववी काय करते?’ या प्रश्नाला गप्प होतो, तो म्हणूनच.

क्रमाचाही कामाशी फारसा संबंध नाही. मेंदूच्या तळाशी पुढून मागे जाताना जी आधी दिसते तिचा आकडा आधी, एवढाच तो हिशोब. गेलनने सात जोड्या मोजल्या होत्या, थॉमस विलिसने १६६४ मध्ये नऊ. आजच्या बारा सॅम्युएल सॉमरिंगने १७७८ मध्ये ठरवल्या. डोळा हलवणाऱ्या तीन नर्व्ह तिसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या क्रमांकावर, आणि मध्येच पाचवी चेहऱ्याच्या स्पर्शाची. तर्काने जे सापडत नाही ते पाठच करावे लागते, म्हणून कामासाठी वेगळी सूत्रे हवीत.

पहिली पायरी सोपी आहे. प्रत्येक नर्व्ह एकतर बाहेरची खबर आत आणते म्हणजे संवेदी असते, किंवा स्नायूंना हुकूम देते म्हणजे प्रेरक असते, किंवा दोन्ही करते म्हणजे मिश्र असते. इंग्रजीत यासाठीही लग्न आणि पैशांवरचे एक वाक्य आहे. मराठीत संवेदीचा ‘स’, प्रेरकाचा ‘प’ आणि मिश्रचा ‘म’ घेतला, तर बारा अक्षरे अशी पडतात: स स प प म प म स म म प प. त्यावर बेतलेले बारा शब्दांचे हे वाक्य पाहा.

सासूने सुनेला पहाटे पाठवलं मंडईत, पण मघाशीच संपली मेथी, मग परतली पायी.

बोटांवर मोजले की सातवा शब्द ‘मघाशीच’ येतो, म्हणजे सातवी मिश्र. आठवा ‘संपली’, म्हणजे आठवी संवेदी. ती ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची. वाक्यात एक छोटी गोष्ट घडते आणि कुठलाही शब्द दोनदा येत नाही, म्हणून ते जिभेवर लवकर बसते. तरीही त्याची मर्यादा ओळखून असावे. तिसरी नर्व्ह इथे ‘प’ आहे, पण डोळ्याची बाहुली लहान करण्याचे कामही तिच्यातूनच होते, ते या एका अक्षरात मावत नाही. आणि ‘मिश्र’ म्हटल्याने नेमके काय काय मिसळले आहे, तेही कळत नाही.

त्यासाठी रुग्णाकडे यायला हवे. समजा, दोन रुग्ण शेजारी शेजारी बसले आहेत. पहिला सांगतो, सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून गळू लागले, आणि त्या बाजूचा डोळा मिटतच नाही. दुसऱ्याची एक पापणी पडलेली आहे. बोटाने उचलली तर आतला डोळा बाहेर आणि खाली वळलेला, बाहुली मोठी झालेली. नवखा विद्यार्थी म्हणतो, चेहऱ्याची नर्व्ह सातवी, पापणी चेहऱ्यावर, म्हणजे दोघांचीही सातवी बिघडली. ही चूक हमखास होते आणि ती महागात पडू शकते. दुसऱ्या रुग्णाची तिसरी नर्व्ह गेलेली आहे, आणि हे अचानक घडले असेल तर मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा तिला दाबत असण्याची शक्यता असते. तिथे वेळ दवडून चालत नाही.

नियम असा, की पापणी उचलते तिसरी आणि मिटते सातवी. आता हा नियम नुसता घोकला तर आठवड्याने तीन आणि सात यांची अदलाबदल होते. म्हणून प्रत्येक आकड्याला आधीच मनात पक्के असलेले काहीतरी बांधायचे. तीनसाठी मराठी घरात शोधावे लागत नाही: शंकराचा तिसरा डोळा, आणि तो उघडतो. सातसाठी मुलींच्या कानीकपाळी पडलेले वाक्य आहे: सातच्या आत घरात. सात वाजले, दार लागले, पापणी मिटली.

हेच सातचे घर थोडे आत जाऊन पाहिले, तर फेशियल नर्व्हची बाकीची कामेही तिथेच सापडतात. दार लागल्यावर आल्या माणसाला पाहून घरच्यांच्या चेहऱ्यावर हसू येते; चेहऱ्याचे सगळे हावभाव सातवीचे. कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी करते. कानाच्या आत मोठा आवाज दबवणारा एक इवलासा स्नायू आहे, तो सातवीकडेच, म्हणून ती बिघडलेल्या काही रुग्णांना त्या कानात साधे आवाजही कर्कश वाटतात. स्वयंपाकघरात कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येते, अश्रू सातवीचे. जेवणाच्या वासाने तोंडाला पाणी सुटते; जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या ग्रंथींची लाळ तिचीच. मग पान वाढले जाते, आणि तीन घासांपैकी पुढचे दोनच चवीने खाल्ले जातात; जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव सातवी नेते, मागचा एक भाग नववीचा. एका संध्याकाळच्या प्रसंगात पाच-सहा कामे क्रमाने येऊन बसतात, आणि एक आठवले की पुढचे आपोआप येते.

एक गोष्ट मात्र या घरात नाही, ती निराळी लक्षात ठेवावी लागते. पक्षाघाताच्या झटक्यातही चेहऱ्याची एक बाजू पडते, पण तेव्हा कपाळावर आठ्या बहुधा दोन्हीकडे घालता येतात, कारण कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून हुकूम मिळतो. सातवी नर्व्हच बिघडली असेल, तर त्या बाजूचे कपाळ गुळगुळीत राहते. इथे मराठी विद्यार्थ्यासाठी एक सापळाही आहे. ‘आठ्या’ हा शब्द कानाला आठकडे ओढतो. आठ्यांना आठवी नर्व्ह जोडून कुणी सूत्र केले, तर ते सुंदर जमेल, पक्के टिकेल आणि चुकीचे असेल. सूत्र रचले की आधी ते पुस्तकाशी ताडून पाहावे ते याचसाठी.

डोळ्याच्या उरलेल्या दोन नर्व्हसाठी क्रिकेट पुरे आहे. चौकार जमिनीवरून जातो, षटकार सरळ सीमेबाहेर पडतो. चौथी नर्व्ह डोळा खाली नेते, विशेषतः तो नाकाकडे वळलेला असताना, म्हणून ती बिघडलेल्या रुग्णाला जिना उतरताना आणि वाचताना एकाचे दोन दिसतात. सहावी डोळा बाहेर नेते. ती बिघडली की दुखऱ्या बाजूला पाहताना दोन प्रतिमा जास्त लांब होतात. ज्या मुलीला क्रिकेटमध्ये रस नाही, तिला हे सूत्र उपयोगाचे नाही, तिने स्वतःचे काढावे. चार म्हटल्यावर तिला आजीच्या घराच्या चार पायऱ्या आठवत असतील, तर उतरणे तिथेही आहेच.

स्वतःचे सूत्र जास्त टिकते, हे नुसते अनुभवाचे बोल नाहीत. स्लॅमेका आणि ग्राफ या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये दाखवून दिले, की वाचलेल्या शब्दांपेक्षा स्वतः तयार केलेले शब्द माणसाला जास्त आठवतात. मात्र रचण्यात बांधायची आहे ती आकड्याची आणि क्रियेची गाठ. डोळा उघडणे, खाली पाहणे, जीभ बाहेर काढणे, अशी क्रिया चित्रात घडताना दिसली पाहिजे. बारावीचेच घ्या. बारा वाजता घड्याळाचे दोन्ही काटे सरळ एका रेषेत असतात, तशी जीभ सरळ बाहेर यावी. बारावी बिघडली तर ती दुखऱ्या बाजूला कलते. या चित्रात आकडा आहे, क्रिया आहे आणि तपासणीही आहे. चित्रात नुसते ‘हायपोग्लॉसल’ हे नाव असते, तर त्यातून काहीच निघाले नसते.

सूत्र जमले की नाही, हे कळायची एक साधी खूण आहे. उत्तर द्यायला पहिल्या नर्व्हपासून मोजत यावे लागत असेल, तर क्रम पाठ झाला आहे, काम नाही. म्हणून बारा चिठ्ठ्या करून त्यांवर नावे न लिहिता तक्रारी लिहाव्यात: ‘खांदा उचलता येत नाही’, ‘वास येत नाही’, ‘जिना उतरताना दोन पायऱ्या दिसतात’. चिठ्ठ्या पिसून एकेक उचलावी आणि आकडा सांगावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग आठवड्याने. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते; आठवड्यानंतर मात्र न पाहता आठवण्याचा सराव केलेल्यांनी त्यांना मागे टाकले. जी चिठ्ठी दोनदा अडते तिचे चित्र टाकून द्यावे आणि नवे काढावे. जुन्यालाच घासत बसण्यात वेळ जातो.

वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवणाऱ्यांना एक विनंती आहे. ऑलिम्पसचे वाक्य फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना अर्धा तास द्या, आणि तीन, चार, सहा व सात या आकड्यांची चित्रे त्यांना त्यांच्या घरच्या भाषेत रचू द्या.