घट निम्म्यावर आणली, पण कशाच्या?

‘स्टॉकमधली घट निम्म्यावर आणली’ हे वाक्य स्टोअर मॅनेजरच्या बायोडेटात हमखास असतं. मुलाखत घेणारा नेमकं त्यावरच बोट ठेवतो. समजा, दुकानाची वार्षिक विक्री ७ कोटी. पुस्तकी साठा आणि प्रत्यक्ष मोजणी यांतला फरक ७ लाख, म्हणजे विक्रीच्या १ टक्का. पुढच्या वर्षी तेवढ्याच विक्रीवर तो साडेतीन लाखांवर आला. असं मांडलं की आकडा पटतो. ही घट चोरी रोखल्याने कमी झाली की आवक नोंदवतानाच्या चुका सुधारल्याने, तेही लिहावं. ग्राहकांची वर्दळ वाढली, पण शेजारी मल्टिप्लेक्स उघडलं असेल तर सगळं श्रेय स्वतःकडे घेऊ नये. आणि कर्मचाऱ्यांच्या गळतीबद्दल नुसतं ‘३० टक्के’ नको. ‘वर्षभरात २० पैकी ६ जण गेले’ असं लिहा.