स्प्रिंटने दम वाढत नाही?

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलंमुली पहाटे मैदानात उतरतात, तेव्हा एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘शंभरसाठी स्प्रिंट मार, सोळाशेसाठी लांब पळ. स्प्रिंटने दम वाढत नसतो.’ धाराशिवच्या मैदानांवरही हेच चालतं. मुलांच्या मैदानी चाचणीत १६०० मीटरला २० गुण असतात, १०० मीटर आणि गोळाफेकीला प्रत्येकी १५. वीस गुणांच्या धावेबद्दलचा हा समज अर्धवट आहे आणि तो फार महागात पडतो.

हा समज चुकीचा आहे हे २००५ मध्येच दिसलं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात काही तरुणांना दोन आठवड्यांत फक्त सहा दिवस सायकलवर बसवलं. रोज ३० सेकंद जीव तोडून पायडल मारायचं, मग चार मिनिटं सुस्तावायचं. असं चार ते सात वेळा. दोन आठवड्यांचा खरा जोर मोजला तर जेमतेम पाव तासाचा. पण ठरावीक वेगाने आधी सरासरी २६ मिनिटं टिकणारे हे तरुण नंतर ५१ मिनिटं टिकले! याला दम वाढणं नाही म्हणायचं, तर कशाला म्हणायचं?

कारण स्नायूत आहे. संथ धावताना शरीर वेगवान तंतूंना फारसं कामाला लावत नाही. जीव तोडून पळताना त्यांनाही जुंपावं लागतं. अर्ध्या मिनिटात पेशीतली ऊर्जा झपाट्याने खालावते आणि हा तुटवडाच इशारा ठरतो. पेशी नव्या तंतुकणिका बांधायला घेते. ऑक्सिजन वापरून ऊर्जा काढणारे कारखाने वाढले, की तोच वेग स्नायूला हलका जातो.

पण इथेच दुसरं टोक गाठलं जातं. ‘मग चार स्प्रिंट पुरे, लांब पळायचं कशाला?’ हेही खरं नाही, आणि ते दाखवणारा प्रयोग धावण्यावरचाच आहे. कॅनडातल्याच वेस्टर्न विद्यापीठात मॅकफर्सन आणि सहकाऱ्यांनी दोन गट केले. अहवाल २०११ मध्ये आला. एका गटाने ३० सेकंदांचे चार ते सहा स्प्रिंट मारले, मध्ये चार मिनिटं विश्रांती. दुसरा गट ३० ते ६० मिनिटं एका लयीत धावला. आठवड्यातून तीन दिवस, सहा आठवडे. शरीराची कमाल ऑक्सिजन वापरण्याची क्षमता पहिल्या गटात ११.५ टक्के वाढली, दुसऱ्यात १२.५. म्हणजे जवळपास बरोबरी. फरक हृदयात निघाला. मिनिटाला हृदय जास्तीत जास्त किती रक्त ढकलतं, ते लयीत धावणाऱ्यांत ९.५ टक्के वाढलं. स्प्रिंटवाल्यांत वाढलंच नाही.

ऑक्सिजनचा वापर दोन गोष्टींवर ठरतो: हृदयाने किती रक्त पाठवलं आणि स्नायूने त्यातून किती ऑक्सिजन ओढून घेतला. स्प्रिंटवाल्यांचं रक्त तेवढंच राहिलं, स्नायूची ओढ वाढली. लयीत धावताना मात्र हृदय अर्धा-पाऊण तास सलग भरून वाहतं. शरीरातलं रक्तद्रव वाढतं, डावा कप्पा दर ठोक्याला जास्त भरतो आणि जास्त ढकलतो. सरावाने ठोक्यांचा कमाल वेग वाढत नाही, त्यामुळे ही एका ठोक्याची भरतीच मोलाची. दोन-तीन मिनिटांच्या एकूण जोरात हृदयाला एवढं काम मिळत नाही. प्रयोग छोटा होता, गटात दहा-दहा जण, आणि अवधी सहाच आठवडे. हेही लक्षात ठेवायला हवं.

आता सोळाशेकडे. १५०० मीटर धावताना सुमारे ८४ टक्के ऊर्जा ऑक्सिजनच्या मार्गाने येते, असं स्पेन्सर आणि गॅस्टिन यांनी २००१ मध्ये प्रशिक्षित धावपटूंवर मोजलं. म्हणून हृदय आणि स्नायू दोन्ही लागतात. आठवड्यात दोन दिवस स्प्रिंट, तीन दिवस पूर्ण वाक्य बोलता येईल अशा वेगाने ४० मिनिटं, ही मांडणी बहुतेकांना झेपते.

स्प्रिंट बिघडतो तो विश्रांतीत. चार मिनिटं थांबणं आळस वाटतो, म्हणून मिनिटभरातच पुन्हा पळायला लावतात. तिसऱ्या-चौथ्या फेरीला मुलगा धावतो, पण स्प्रिंट मारत नाही. ओळखायला सोपं आहे: ३० सेकंदांत कुठवर पोचलं तिथे खूण करावी. खुणा भराभर मागे सरकू लागल्या, तर विश्रांती कमी पडते आहे किंवा त्या दिवशी थांबायला हवं.

बाकीचे समज थोडक्यात. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या लॅक्टिक अॅसिडमुळे नव्हे. ते तासाभरात बहुतांशी निघून जातं, दुखतात त्या तंतूंच्या सूक्ष्म इजेमुळे. चार-चार मिनिटांचे इंटरव्हल म्हणजे स्प्रिंट नव्हे. त्यांचा हृदयावरचा परिणाम वेगळा आणि चांगला आहे. घाम जास्त आला म्हणजे सराव जास्त झाला असंही नाही, मराठवाड्याच्या उन्हात तर नाहीच.

पंधरा मिनिटं हळू धावून अंग तापवल्याशिवाय पहिला स्प्रिंट मारू नये. पूर्वी कधी छातीत दुखलं असेल किंवा चक्कर आली असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावं. आणि मांडीच्या मागे ओढ जाणवली, की त्या दिवशीचा स्प्रिंट तिथेच थांबवावा.