चाकांच्या जोरावर वळणारा ॲस्ट्रोसॅट

ॲस्ट्रोसॅट ही दुर्बिणींची भारतीय वेधशाळा २८ सप्टेंबर २०१५ रोजी अवकाशात गेली. तिच्या एका क्ष-किरण उपकरणाचे कामकाज पुण्याच्या आयुकातून चालते. इंधन न जाळता ती एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे कशी वळते, याचे मला कुतूहल होते.

उत्तर तिच्या पोटातल्या चाकांत आहे. मोटारीने चाक एका दिशेने फिरवले की धड उलट दिशेने वळते. दोघांच्या कोनीय संवेगाची बेरीज तीच राहते. समजा, फिरण्याला धडाचा विरोध चाकाच्या दहा हजार पट आहे. चाकाने मिनिटाला १,००० फेरे घेतले, तर धड सेकंदाला ०.६ अंश वळेल. ९० अंशांना अडीच मिनिटे लागतील. चाक थांबवले की धडही थांबेल.

ही देवघेव मात्र घरातल्या घरात आहे. विरळ हवा, सूर्यप्रकाश आणि गुरुत्वाकर्षण बाहेरून सतत सूक्ष्म पीळ देतात. तो सोसताना चाकाचा वेग वाढत जातो. कमाल वेग गाठल्यावर त्या दिशेने आणखी पीळ त्याला सोसवत नाही. म्हणून यानावर विद्युतचुंबकही आहेत. ते पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रावर रेटा देतात, तेव्हा त्या आधाराने चाकाचा वेग उतरवता येतो. त्यासाठीही लागते ती सौरपत्र्यांची वीजच.