तीन मंगळवारांची अडचण

पुण्यातल्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याची कल्पना करा. दर मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला त्यांचा जर्मनीच्या ग्राहकाशी कॉल असतो आणि साडेसातला शिकागोच्या. हिवाळाभर सगळं सुरळीत चालतं. मग मार्चमध्ये एका मंगळवारी दोन्ही कॉल साडेसहालाच येऊन आदळतात. वेळ कोणीच बदललेली नसते.

बदललेलं असतं ते अमेरिकेतलं घड्याळ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे ते एक तास पुढे करतात. युरोपात हेच शेवटच्या रविवारी होतं, आपल्याकडे कधीच नाही. कॉल शिकागोच्या सकाळी आठला बांधलेला असल्याने तो आपल्याकडे तासभर अलीकडे सरकतो. २०२६ मध्ये अमेरिकेचा बदल ८ मार्चला आणि युरोपचा २९ मार्चला. म्हणजे टक्कर १०, १७ आणि २४ मार्च एवढीच. त्यानंतर जर्मनीचा कॉल साडेपाचला येतो आणि वाट मोकळी होते.

हे कळलं की विनंती केवढी करायची तेही ठरतं. ‘ही वेळ आम्हाला जमत नाही’ असं मोघम लिहिलं, तर समोरच्याला वाटणार, कॉल कायमचा हलवायचा आहे. त्यापेक्षा असं लिहावं:

“तुमच्याकडे घड्याळ पुढे गेल्यामुळे आपला कॉल आमच्या दुसऱ्या कॉलवर येतो आहे. १०, १७ आणि २४ मार्च या तीनच दिवसांपुरती वेळ बदलता येईल का? एक पर्याय: मंगळवारीच, शिकागो सकाळी ९:००, पुणे संध्याकाळी ७:३०. दुसरा: दुसऱ्या दिवशी, बुधवारी, शिकागो सकाळी ७:३०, पुणे संध्याकाळी ६:००. ३१ मार्चपासून नेहमीचीच वेळ, शिकागो सकाळी ८:००.”

दोन पर्याय पुरेत. पाच दिले की उत्तर लांबतं. वेळेपुढे शहराचं नाव लिहावं, कारण CST म्हणजे शिकागोची हिवाळी वेळ आणि चीनचीही. शिवाय ८ मार्चनंतर शिकागोत ती चालूच नसते. आपला अर्धा तास तर परदेशी माणूस हमखास विसरतो, म्हणून हिशेब त्याच्यावर सोडू नये. रात्रीची वेळ सुचवायची झाल्यास वार दोन्हीकडचा लिहावा: शिकागोत मंगळवारी रात्रीचे आठ वाजतात तेव्हा पुण्यात बुधवारची सकाळ, साडेसहा झालेले असतात.

होकार आला की कॅलेंडरमधल्या जुन्याच निमंत्रणात त्या तीन तारखा बदलून घ्याव्यात. नवं निमंत्रण वेगळं पाठवलं की जुनंही तसंच राहतं, आणि निम्मी मंडळी जुन्या वेळेला हजर होतात. आणि त्याच बैठकीत ऑक्टोबरचंही बोलून ठेवावं: युरोप २५ ऑक्टोबरला घड्याळ मागे घेतो, अमेरिका १ नोव्हेंबरला, त्यामुळे २७ ऑक्टोबरच्या मंगळवारी हे दोन कॉल पुन्हा एकाच वेळी येणार आहेत.